ज्वाळा दाखवू नका, जिना दाखवा

दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. १९४४ साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान परत आले नाहीत. त्यांच्या आठवणीचा हा सप्ताह. वर्ध्यात १४ तारखेला आंबेडकर जयंतीची सुट्टी असते, त्यामुळे कार्यालयांतले कार्यक्रम पुढच्या दिवसांत होतात. त्यात अलीकडे व्हिडिओची भर पडली आहे. आग लागली तर इमारत कशी रिकामी करायची हे कर्मचाऱ्यांना दाखवणारा पाच-सात मिनिटांचा व्हिडिओ तयार होतो आणि ग्रुपवर टाकला की काम झाले असे मानले जाते.

या व्हिडिओची संहिता कशी असावी यावर एक मत सगळीकडे ऐकायला मिळते. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा आला पाहिजे, ज्वाळा दिसल्या पाहिजेत, किंकाळ्या ऐकू आल्या पाहिजेत, कारण भीती बसली नाही तर माणूस हलत नाही, असे हे मत सांगते. पुढे असेही म्हटले जाते की खऱ्या प्रसंगी लोक बिथरून धावत सुटतात, म्हणून ‘घाबरू नका, शांत राहा’ हे व्हिडिओत दहा वेळा आले पाहिजे. एकाच मताचे हे दोन भाग एकमेकांना छेद देतात. आधी घाबरवायचे आणि मग घाबरू नका म्हणायचे, अशी संहिता पाहणाऱ्याच्या हाती काय देते? माझे म्हणणे असे की दोन्ही भाग चुकीचे आहेत आणि त्या चुकीची किंमत माणसांना मोजावी लागते.

वर्धा जिल्ह्यात भीतीचा आग्रह का धरला जातो, हे मला समजते. ३१ मे २०१६ च्या पहाटे पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली आणि स्फोट झाले. दोन लष्करी अधिकाऱ्यांसह डझनाहून अधिक माणसे गेली. आसपासच्या गावांतल्या लोकांना रात्रीच घरे सोडावी लागली. आपल्या डोळ्यांपुढे आगीचे जे चित्र उभे राहते ते हे आहे. पण बजाज चौकाजवळच्या एखाद्या दुमजली पतसंस्थेत किंवा सरकारी कार्यालयात लागणारी आग तशी नसते. तिथे मीटरबोर्डात ठिणगी पडते, वायरचे आवरण जळल्याचा वास येतो, काळपट धुराची रेघ दिसते. आवाज होत नाही. पुलगाव मनात ठेवून बसलेला माणूस या धुराकडे पाहून म्हणतो, ही काही आग नाही. ज्वाळा दाखवणारा व्हिडिओ त्याचा हाच गैरसमज पक्का करतो. आग म्हणजे काय हे तो चुकीचे शिकवतो, आणि त्यामुळे खरी आग ओळखू येत नाही.

आता बिथरण्याबद्दल. १९६८ साली बिब लाताने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. खोलीत बसून अर्ज भरणाऱ्या माणसाच्या समोर भिंतीतल्या झरोक्यातून धूर सोडला. एकट्या बसलेल्यांपैकी चारातल्या तिघांनी बाहेर जाऊन कुणाला तरी सांगितले. पण शेजारी दोन माणसे जाणूनबुजून निवांत बसवली, तेव्हा दहातला एकच उठला. बाकीचे डोळे चोळत, धूर हाताने बाजूला सारत अर्ज भरत राहिले. ते बिथरले नव्हते. शेजारचा उठत नाही, म्हणजे काही नसावे, असे प्रत्येकाला वाटत होते. आपल्या कार्यालयांत हीच गोष्ट रोज दिसते. घंटा वाजली की माना वर होतात, एकमेकांकडे पाहिले जाते, कुणीतरी म्हणते, “टेस्टिंग असन,” आणि माना पुन्हा खाली जातात. त्यातून एखाद्याला उठावेसे वाटलेच, तर तो आधी साहेबांच्या केबिनकडे पाहतो.

धोका या थांबण्यात आहे. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या भुयारी रेल्वे स्थानकावर गिलेन प्रू आणि जोनाथन साइम यांनी घेतलेल्या चाचण्यांत, नुसती घंटा वाजली तेव्हा प्रवासी जागच्या जागी रेंगाळत राहिले. काय झाले आहे आणि कुठून बाहेर पडायचे हे ध्वनिक्षेपकावरून स्पष्ट सांगितले आणि कर्मचारी लोकांना वाट दाखवू लागले, तेव्हा स्थानक काही मिनिटांत रिकामे झाले. म्हणजे ‘शांत राहा’ हे वाक्य अशा माणसांना सांगितले जाते जी गरजेपेक्षा जास्तच शांत बसलेली आहेत. हे वाक्य मी संहितेतून पूर्ण काढून टाकीन.

भीतीच्या बाजूचे लोक यावर म्हणतील, बरोबर, लोक बसून राहतात, म्हणूनच त्यांना हादरवा. याचे उत्तरही १९६५ सालापासून उपलब्ध आहे. हॉवर्ड लेव्हेन्थल आणि सहकाऱ्यांनी येल विद्यापीठात विद्यार्थ्यांना धनुर्वाताची माहितीपत्रके वाचायला दिली. काहींच्या पत्रकात अंगावर येणारी छायाचित्रे आणि वर्णने होती, काहींचे पत्रक सौम्य होते. भीतीदायक पत्रक वाचणारे ‘आम्ही लस घेऊ’ असे जास्त जोराने म्हणाले. प्रत्यक्षात लस घेण्यात मात्र दोन्ही गटांत फरक पडला नाही. फरक पडला तो वेगळ्याच गोष्टीने. ज्यांना परिसराचा नकाशा दिला, त्यावर दवाखाना खुणेने दाखवला आणि आठवड्यात कधी जाल ते ठरवा असे सांगितले, त्यांच्यातल्या शंभरापैकी सुमारे २८ जणांनी लस घेतली. नकाशा न मिळालेल्यांत शंभरापैकी जेमतेम ३ जणांनी. एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे: नुसता नकाशा, धनुर्वाताबद्दल काहीच न सांगता, चालला नाही. धोक्याची जाणीव लागते. पण ती थोडी पुरते, आणि तिच्या पुढचे सगळे काम नकाशा करतो.

आपल्या व्हिडिओत असा नकाशा कसा आणायचा, हे एका नमुन्याच्या इमारतीवर दाखवतो. इमारत कल्पित आहे, पण अशा इमारती आर्वीत, हिंगणघाटला, वर्ध्यात कुठेही सापडतील. तळाला दुकाने, पहिल्या मजल्यावर काउंटर, दुसऱ्या मजल्यावर हिशेब विभाग आणि रेकॉर्ड रूम. पुढे रुंद सिमेंटचा जिना, मागे अरुंद लोखंडी जिना. मीटरबोर्ड पुढच्या जिन्याखाली, त्याला लागून इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या. महिना मे, दुपारचे तीन, बाहेर ४५ अंश, दोन्ही मजल्यांवर कूलर चालू. वायरिंगवर सगळ्यात जास्त भार या वेळी असतो.

आग कुठे लागण्याची शक्यता जास्त आहे? पुढच्या जिन्याखाली. धूर वर चढतो आणि जिना त्याला धुराड्यासारखी मोकळी वाट देतो. म्हणजे सगळे जण रोज ज्या जिन्याने येतात-जातात तोच सर्वांत आधी निकामी होतो. आणि माणूस संकटात ओळखीच्या वाटेकडेच वळतो. ‘लिफ्ट वापरू नका, जिन्याचा वापर करा’ असे सांगणारा बाजारातला तयार व्हिडिओ या इमारतीतल्या माणसाला थेट धुरात पाठवील. तो व्हिडिओ कितीही सुबक असो, त्यात हा जिना नाही, म्हणून तो इथे उपयोगाचा नाही.

तेव्हा संहिता लिहिणाऱ्याने पहिल्या दिवशी कागद बाजूला ठेवून इमारत चालून पाहावी. दुसऱ्या मजल्यावरून मागच्या जिन्यापर्यंत जावे. बहुतेक ठिकाणी काय दिसेल ते मी सांगू शकतो: दारापुढे जुन्या फायलींचे गठ्ठे, दाराला कुलूप, चावी शिपायाकडे आणि शिपाई पोस्टात गेलेला. चोरीच्या भीतीने कुलूप लावलेले असते, ती भीती खोटी नाही. पण कार्यालय उघडे असताना ते दार आतून, चावीशिवाय, एका हाताने उघडलेच पाहिजे. आतून कडी, बाहेरून काही नाही, अशी सोय लोहाराकडून करून घेता येते. ती होईपर्यंत व्हिडिओ करू नये. बंद दाराकडे नेणारी वाट शिकवणे ही कर्मचाऱ्यांची फसवणूक आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली, ज्यांना तो लागू आहे अशा इमारतींच्या मालकाला दर जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा ‘फॉर्म बी’ द्यावा लागतो. तो फॉर्म यंत्रणेबद्दल बोलतो. घंटा वाजल्यावर हिशेब विभागातला माणूस कुठल्या बाजूला वळेल, हे त्यावरून कळत नाही.

दार उघडले की मग चित्रीकरण. मोबाइल पुरतो. पार्श्वसंगीत नको, बोधचिन्ह नको, सुरुवातीला कुणा मान्यवरांचे दोन शब्द नकोत. चार मिनिटांच्या वर जाऊ नये. आणि माणसे तीच हवीत जी त्या खुर्च्यांवर रोज बसतात.

पहिले दृश्य: हिशेब विभाग, कूलरचा आवाज. घंटा वाजते, आणि ती याच इमारतीतली घंटा असली पाहिजे. नेटवरचा सायरन लावला तर खरी घंटा ओळखीची वाटणार नाही. घंटा वाजते आणि चार-पाच सेकंद कुणीच हलत नाही. कॅमेरा चेहऱ्यांवर. एक जण म्हणतो, “टेस्टिंग असन.” दुसरा केबिनकडे पाहतो. केबिन रिकामे आहे, साहेब दौऱ्यावर आहेत. हे केबिन रिकामे दाखवणे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण ज्यांच्या हुकमाची वाट पाहायची ते त्या दिवशी नसतील, ही शक्यता मनात पक्की बसली पाहिजे. मग हेडक्लार्क बाई उठतात आणि म्हणतात, “टेस्टिंग असो की काही असो, घंटा वाजली की उठायचं. चला, मागच्या जिन्यानं.” बाजूचा लगेच उठतो. दोघे उठले की सगळे उठतात. लाताने-डार्लींच्या प्रयोगात निवांत बसलेल्या दोघांनी जे केले, त्याच्या उलट काम इथे दोन माणसे करतात. म्हणून प्रत्येक मजल्यावर अशी दोन माणसे आधी ठरलेली असावीत, आणि व्हिडिओत तीच उठावीत.

दुसरे दृश्य पहिल्या मजल्यावर, काउंटरचे. इथे तयार व्हिडिओ हमखास चुकतात, कारण त्यांना रोखपालाच्या मनातला पेच माहीत नसतो. त्याच्यापुढे उघडा गल्ला आहे. एक रुपया कमी आला तर भरून द्यावा लागेल हे त्याला ठाऊक आहे. ‘वस्तूंपेक्षा जीव मोलाचा’ ही पाटी त्याला काही उपयोगाची नाही. त्याला हवी आहे ती परवानगी, आणि ती एकच माणूस देऊ शकतो. म्हणून इथे व्यवस्थापकाने स्वतः कॅमेऱ्यात पाहून म्हटले पाहिजे, “गल्ला ढकला, चावी फिरली तर ठीक, नाही तर तसाच सोडा. त्या पैशाचा जाब तुम्हाला विचारणार नाही. उठा.” व्यवस्थापक हे म्हणायला तयार नसेल तर ते दृश्य गाळावे लागेल. पण ते गाळले तर रोखपाल थांबणार, हेही लिहून ठेवावे.

त्याच काउंटरसमोर व्हिडिओ कधीच न पाहिलेली माणसे उभी आहेत. सेलूहून आलेल्या आजी, पीककर्जाचे कागद घेऊन आलेला शेतकरी, शाळेच्या फीचे चलन भरायला आलेली मुलगी. अशा कार्यालयात दुपारी कर्मचाऱ्यांपेक्षा बाहेरचेच लोक जास्त असतात, आणि त्यांना येताना पुढचाच जिना दिसलेला असतो. त्यांच्यासाठी प्रत्येक कर्मचाऱ्याच्या तोंडी एक वाक्य बसलेले हवे: “काम थांबलं, आजी. माझ्यासोबत या, इकडून.” ‘कृपया बाहेर जा’ म्हटले तर आजी पुढच्या जिन्याकडेच जातील. ‘माझ्यासोबत’ म्हटले की त्या माणसामागे येतात. व्हिडिओत हे वाक्य तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकू यावे. पाठ व्हावे अशी वाक्ये तीनच ठेवावीत, त्यातले हे एक.

तिसरे दृश्य पुढच्या जिन्याच्या तोंडाशी. एक जण सवयीने तिकडे वळतो, कठड्यावरून खाली पाहतो. खालून धूर चढतो आहे. तो म्हणतो, “पायऱ्या दिसत नाहीत, तर उतरायचं नाही,” आणि मागे फिरतो. धूर छताला धरून साचतो, खाली पसरत येतो. म्हणून तो वाकून, भिंतीला हात लावून जातो. इथेच एक इशारा ठळकपणे यावा. २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईच्या कमला मिल्स आवारातल्या उपाहारगृहाच्या आगीत १४ जण गेले, आणि त्यातले बरेच जण स्वच्छतागृहात सापडले. पाणी आहे, भिंती आहेत, म्हणून तिथे सुरक्षित वाटते. धूर मात्र दाराखालून येतो आणि बाहेर जायला वाट नसते. आपल्या व्हिडिओत स्वच्छतागृहाचे दार दाखवावे आणि तिथे जाऊ पाहणाऱ्याचा हात धरून दुसरा कुणी तरी त्याला जिन्याकडे आणतो, एवढे दाखवावे.

मग कॅमेरा माणसाच्या छातीच्या उंचीवर धरून मागच्या जिन्याची सगळी वाट न तोडता चालत दाखवावी. खुर्चीपासून कडीपर्यंत, कडीपासून शेवटच्या पायरीपर्यंत. हाच आपला नकाशा. प्रत्येक मजल्यासाठी हा तुकडा वेगळा घ्यावा लागतो, त्याला पर्याय नाही. वर्ध्यातच ऑक्टोबर १९३७ च्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी शिक्षण हाताच्या कामातून व्हावे असा आग्रह धरला होता. त्याच गावातल्या कार्यालयांनी बाहेर पडण्याची वाट नुसती पडद्यावर पाहून शिकता येते असे मानावे, हे मला पटत नाही. व्हिडिओ संपला की सगळ्यांनी त्याच क्षणी उठून ती वाट एकदा चालावी आणि कडी प्रत्येकाने स्वतःच्या हाताने उघडावी. संहितेची शेवटची ओळ तीच असावी: “आता उठा आणि चला.”

मागचा जिनाच नसलेल्या इमारती पुष्कळ आहेत. तिथे संहिता वेगळी होईल. रस्त्याच्या बाजूच्या खोलीत जायचे, दार लोटून घ्यायचे, फटीत ओले कापड कोंबायचे, खिडकी उघडायची, १०१ किंवा ११२ ला फोन करून इमारतीसोबत मजलाही सांगायचा. पण ज्या खिडकीतून हाक मारायची त्या खिडकीत कूलर बसवलेला असतो. संहिता लिहिताना ती खिडकी मोकळी करून घ्यावी लागेल. मंत्रालयाच्या २१ जून २०१२ च्या आगीत चौथ्या मजल्यावरची आग वर चढली, पाच जण गेले, आणि खिडक्यांबाहेरच्या पट्टीवर उभी राहिलेली माणसे सगळ्यांनी पाहिली. राज्याच्या मुख्य कार्यालयात ही वेळ आली. दुमजली इमारतीला कशाला हवा हा खटाटोप, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की धूर मजले मोजत नाही.

एकत्र जमण्याच्या जागेबद्दल कुणी वाद घालत नाही, आणि तिथेच वर्ध्यातले बहुतेक सराव फसतात. फलक लागतो पार्किंगच्या मोकळ्या जागेत. मे महिन्यात तिथे दोन मिनिटे उभे राहवत नाही. माणसे पांगतात, कुणी चहाच्या टपरीवर, कुणी समोरच्या दुकानाच्या सावलीत. बंब येतो, जवान विचारतात, “आत कोणी आहे का?” आणि कुणाकडेच उत्तर नसते. मग ते जवान कदाचित रिकाम्या इमारतीत शोधायला शिरतात, किंवा आत कुणी अडकलेले असताना बाहेरच थांबतात. म्हणून जागा सावलीची हवी, बंबाच्या वाटेत न येणारी, आणि व्हिडिओत ती त्या झाडासकट दिसली पाहिजे. मोजणी बायोमेट्रिकवरून होणार नाही, ते यंत्र आतच राहते. दोन ओळींत उभे राहून आपल्या शेजारच्या खुर्चीवरचा माणूस आला का, एवढेच प्रत्येकाने सांगायचे. पाच-सात जणांच्या गटात हे वीस-तीस सेकंदांत होते.

हे सगळे उपयोगी पडले की नाही ते कसे कळणार? ‘व्हिडिओ आवडला का’ या प्रश्नावलीने नाही. व्हिडिओ दाखवल्यानंतर एक आठवड्याने आणि पुन्हा दीड महिन्याने, न सांगता घंटा वाजवावी. अग्निशमन दलाला आधी कळवावे, आजारी आणि गरोदर सहकाऱ्यांना विश्वासात घ्यावे, पण तारीख बाकी कुणाला सांगू नये. सांगून घेतलेल्या सरावात सगळे पर्स आणि डबे आवरून बसलेले असतात, त्यातून काही मोजता येत नाही. मोजायचे ते चार आकडे: घंटेनंतर पहिला माणूस किती सेकंदांनी उठला, शेवटचा किती वेळाने बाहेर आला, किती जण पुढच्या जिन्याने गेले, आणि मोजणीत किती जणांचा पत्ता लागला नाही. पहिला आकडा मोठा आला तर पहिले दृश्य नव्याने लिहावे. बहुतेक जण पुढच्या जिन्यानेच गेले तर चालत घेतलेला तुकडा फसला असे समजावे आणि तो पुन्हा घ्यावा. ग्राहक मागे राहिले तर काउंटरचे वाक्य बदलावे.

भीतीवाल्यांचा एक शेवटचा मुद्दा उरतो: रोजच्या खुर्च्या आणि रोजचा जिना दाखवणारा व्हिडिओ कंटाळवाणा होईल, लक्षात राहणार नाही. परक्या इमारतीतली परकी माणसे जळताना पाहिली की ती आठवतात, हे खरे आहे; आठवते ते जळणे. आपला रोखपाल गल्ला सोडून उठतो, आपल्या हेडक्लार्क बाई आजींचा हात धरतात, आपलेच साहेब म्हणतात की जाब विचारणार नाही, हे ज्यांनी पाहिले ते जेवणाच्या सुट्टीत त्यावर बोलतील, कुणाचा अभिनय कसा झाला यावर हसतील, आणि तसे बोलताना दर वेळी मागच्या जिन्याचा उल्लेख होईल. बदली होऊन नवा माणूस आला की त्याचा तुकडा नव्याने चित्रित करावा. त्याला त्याची खुर्ची ज्या दिवशी मिळेल त्याच दिवशी, कडीवर त्याचा हात ठेवून.